हिरव्या टिकमागं काय असतं: वधू-वर साइटची पडताळणी आम्ही कशी केली

भाचीचं नाव एका वधू-वर साइटवर घालायचं ठरलं तेव्हा घरात एकच प्रश्न होता: साइट खरी कशावरून, आणि तिथल्या प्रोफाइलवर 'व्हेरिफाइड' अशी हिरवी टिक दिसते ती कोणी आणि काय बघून दिलेली असते? ११ जानेवारी २०२५ला सुरू केलेलं हे काम फेब्रुवारीच्या मध्यावर संपलं. गोव्यात फोंड्याला बसून, बहुतेक सगळं मोबाइलवर आणि थोडं लॅपटॉपवर केलं. सोयरीक जमवायला बसलेल्या दुसऱ्या घरांना उपयोग व्हावा म्हणून, ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने लिहितो आहे.

आमच्यापुढे दोन साइट होत्या. एक समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेली, 'फक्त आपल्या लोकांसाठी' अशी जाहिरात असलेली. दुसरी मोठी, महाराष्ट्रातल्या कंपनीची. दोघींचीही नावं इथं देत नाही, कारण तपासण्याची रीत कुठल्याही साइटला लागू पडते.

पहिला दिवस, ११ जानेवारी, शनिवार. सुरुवात केली ती साइटच्या तळाशी असलेल्या बारीक अक्षरांपासून. फोटो, लग्नाच्या गोष्टी, 'लाखो जोड्या' हे सगळं सोडून द्यायचं आणि थेट तळाशी जायचं. तिथं तीन गोष्टी शोधायच्या: साइट चालवणाऱ्या कंपनीचं पूर्ण नाव, तिचा जीएसटी क्रमांक किंवा सीआयएन म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव व संपर्क. ही तिसरी गोष्ट ऐच्छिक नाही. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अशा साइटना तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर ठळकपणे देणं बंधनकारक केलं आहे. त्याआधी, जून २०१६मध्ये, केंद्र सरकारने खास वधू-वर साइटसाठी वेगळी सल्लासूचना काढली होती. आपली साइट लग्नासाठी आहे, डेटिंगसाठी नाही हे तिने स्पष्ट लिहावं, नाव घालणाऱ्याकडून ओळखीची कागदपत्रं घ्यावीत, प्रोफाइल कुठल्या आयपी पत्त्यावरून बनलं ते नोंदून ठेवावं, असं तिच्यात होतं. साइटच्या अटींमध्ये या गोष्टींचा मागमूस नसेल तर तिथंच थबकावं.

ग्रुपवरच्या साइटच्या तळाशी कंपनीचं नाव नव्हतं. 'हेड ऑफिस, मुंबई' एवढंच होतं, एक मोबाइल नंबर होता आणि जीएसटी क्रमांक होता. आणि वर मोठ्या अक्षरांत '२००९पासून आपल्या सेवेत'.

ही २००९ची गोष्ट तपासायला दोन मिनिटं लागतात. प्रत्येक डोमेन कधी नोंदवलं गेलं याची तारीख उघडपणे बघता येते. `.com` असेल तर `lookup.icann.org` वर, `.in` असेल तर `registry.in` वर साइटचं नाव टाकायचं. लॅपटॉपवर लिनक्स किंवा मॅक असेल तर एक ओळ पुरते. साइटचं नाव आपल्याला हवं ते घालायचं:

```
whois example.in
```

उत्तरात मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही, ते नेहमीचंच आहे. आपल्याला हवी असते ती `Creation Date` ही ओळ, आणि तिच्या जोडीला `Registrant State/Province`, जी पुष्कळदा झाकलेली नसते. ग्रुपवरच्या साइटची तारीख होती ३ डिसेंबर २०२४. म्हणजे १५ वर्षांचा दावा करणारी साइट सहा आठवड्यांची होती. दुसऱ्या साइटचं डोमेन चांगलं जुनं निघालं. पण नुसती जुनी तारीख पुरी पडत नाही, कारण जुनी डोमेनं विकतही मिळतात. म्हणून `web.archive.org` वर तेच नाव टाकून मागच्या वर्षांत त्या पत्त्यावर काय दिसत होतं ते बघितलं. दरवर्षीच्या पानावर लग्न जुळवण्याचंच काम दिसत होतं, तेव्हा पुढं गेलो. ब्राउझरमध्ये दिसणारं कुलूप या कामी उपयोगाचं नाही. मधल्या वाटेत कोणी वाचू शकत नाही एवढंच ते सांगतं, पलीकडे कोण बसलंय ते सांगत नाही.

मग जीएसटी क्रमांक. इथं थोडं थांबून सांगतो, कारण हा क्रमांक वाचता आला की अर्धं काम होतं. त्यात १५ अक्षरं-अंक असतात. पहिले दोन अंक राज्याचे: गोव्याचे ३०, महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं: `C` म्हणजे कंपनी, `F` म्हणजे भागीदारी, `P` म्हणजे एकटा माणूस. जीएसटी क्रमांकात हे अक्षर डावीकडून सहावं येतं. `services.gst.gov.in` वर 'सर्च टॅक्सपेअर' मध्ये क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि धंद्याचा प्रकार दिसतो. खातं लागत नाही, पैसे लागत नाहीत, फक्त चित्रातली अक्षरं टाइप करायची.

ग्रुपवरच्या साइटने दिलेला क्रमांक २४ने सुरू होत होता, म्हणजे गुजरातचा, तर पत्ता मुंबईचा. सहावं अक्षर `P`. पोर्टलवर एका माणसाचं नाव आलं, धंदा किरकोळ विक्रीचा, नोंदणी रद्द झालेली. कोणा दुकानदाराचा जुना क्रमांक उचलून तळाशी चिकटवला होता. त्या बिचाऱ्याला हे माहीतही नसेल.

इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी, नाहीतर चांगल्या माणसावर अन्याय होतो. जीएसटी क्रमांक नसणं म्हणजे फसवणूक नाही. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर त्याला नोंदणी घ्यावीच लागत नाही. आपल्याकडे डिचोलीत, साखळीत, माशेलात वही घेऊन स्थळं सुचवणारी मंडळी आहेत, कोणी छोटीशी साइटही चालवतं. त्यांच्याकडे क्रमांक नसेल तर ते ठीकच आहे. खोट तेव्हा दिसते जेव्हा क्रमांक नसताना बिलात १८ टक्के जीएसटी लावला जातो, किंवा क्रमांक दुसऱ्याचा असतो.

मोठ्या साइटचा क्रमांक २७ने सुरू होत होता, सहावं अक्षर `C`, नोंदणी चालू, आणि कायदेशीर नाव अटींच्या पानावरच्या नावाशी जुळत होतं. त्या पानावर सीआयएनही होता. हा कंपनीचा २१ अक्षरांचा क्रमांक. त्यात राज्याची दोन अक्षरं आणि स्थापनेचं वर्ष उघड वाचता येतं. `MH` म्हणजे महाराष्ट्र, `GA` म्हणजे गोवा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या `mca.gov.in` वर 'मास्टर डेटा'त तो टाकला की कंपनीचा नोंदलेला पत्ता आणि ती चालू आहे की यादीतून काढून टाकली ते कळतं. तिन्ही ठिकाणी एकच नाव आलं: अटींमध्ये, जीएसटीत, मंत्रालयाच्या यादीत. आमच्या दृष्टीने साइट खरी असण्याची कसोटी एवढीच होती. तक्रार करायची वेळ आली तर कोणाविरुद्ध करायची हे माहीत असणं.

१२ तारखेला, रविवारी, ग्रुपवरच्या साइटला शेवटचं एकदा तपासलं. 'लाइफटाइम मेंबरशिप ₹२,१००' असं तिचं आमंत्रण होतं आणि पैसे यूपीआयने द्यायचे होते. यूपीआय आयडी टाकला की पैसे जाण्याआधी अ‍ॅप बँकेतलं नाव दाखवतं. कंपनीचं नाव आलं नाही, एका व्यक्तीचं आलं, आणि ते जीएसटीवरच्या नावाशीही जुळत नव्हतं. पैसे दिले नाहीत. `cybercrime.gov.in` वर संशयिताची माहिती देण्याची आणि नंबर-यूपीआय आयडी शोधून बघण्याची सोय आहे, तिथं मोबाइल नंबर, यूपीआय आयडी आणि साइटचा पत्ता नोंदवला. ग्रुपवर डोमेनच्या तारखेचा आणि जीएसटी पानाचा स्क्रीनशॉट टाकला. दोन घरांनी पैसे भरून झाले होते. पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या सायबर हेल्पलाइनला करायचा, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवून, आणि तोही त्याच तासाला, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवणं हेच त्या फोनचं काम असतं.

साइट ठरली. आता प्रोफाइलची पडताळणी.

१३ जानेवारीला भाचीचं प्रोफाइल बनवलं. यासाठी वेगळा ईमेल पत्ता काढला होता, आणि तो काढावाच असं सांगेन. साइट सोडली की तो बंद करता येतो. प्रोफाइल कोणी बनवलं या रकान्यात 'नातेवाईक' असं खरं ते लिहिलं. पहिली टिक मिनिटभरात आली: मोबाइल. ओटीपी आला, टाकला, हिरवी खूण लागली. या खुणेचा अर्थ इतकाच की त्या क्षणी तो फोन कोणाच्या तरी हातात होता. आमच्या बाबतीत तो नंबर भाचीच्या आईचा होता, आणि खूण भाचीच्या नावापुढे लागली.

दुसरा टप्पा फोटोचा. फोटो टाकल्यावर 'तपासणी चालू' असं आलं आणि पाचेक तासांनी तो दिसू लागला. या तपासणीत चेहरा एकच आणि स्पष्ट आहे ना, फोटोवर फोन नंबर लिहिलेला नाही ना, असलं बघतात. फोटो त्याच व्यक्तीचा आहे की नाही हे इथं तपासलंच जात नाही. ते सेल्फीच्या पायरीत होतं. १६ तारखेला सेल्फी दिली: पडद्यावर मान डावीकडे, मग उजवीकडे वळवायला सांगतात, म्हणजे कॅमेऱ्यापुढे छापील फोटो धरलेला नाही हे कळावं, आणि मग तो चेहरा प्रोफाइलच्या फोटोशी ताडतात. पहिल्यांदा जमलं नाही, कारण पाठीमागे खिडकी होती आणि चेहरा काळा आला. उजेड समोरून घेऊन बसवल्यावर दुसऱ्या वेळी झालं.

ही सेल्फीची टिक माझ्या मते सगळ्यात कामाची आहे, कारण दुसऱ्याचे फोटो उचलून बनवलेलं प्रोफाइल इथंच अडकतं. पण ती किती टिकते ते आम्ही करून बघितलं. मुख्य फोटो बदलला तेव्हा टिक गेली आणि सेल्फी पुन्हा मागितली, हे चांगलं. नंतर अल्बममध्ये सणाचे आणखी तीन फोटो टाकले. त्यांना काही विचारणा झाली नाही आणि टिक तशीच राहिली. म्हणजे समोरच्याच्या प्रोफाइलवर टिक दिसत असेल तर ती पहिल्या फोटोची धरायची, बाकीच्यांची नाही. फोटो दुसरीकडे कुठं वापरलेला आहे का ते गूगल लेन्सवर टाकून बघता येतं. तिथं काही सापडलं तर तो पुरावा होतो. सापडलं नाही तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण खासगी खात्यांवरचे फोटो त्या शोधात येतच नाहीत.

तिसरी आणि सर्वांत मोठी टिक ओळखपत्राची. तिथं आमचे चार-पाच दिवस गेले. साइट दोन वाटा देते: कार्डाचा फोटो चढवा, किंवा डिजिलॉकरमधून आधार द्या. बाहेरून दोन्ही वाटांची टिक सारखीच दिसते, पण त्यांच्यात फार फरक आहे. कार्डाचा फोटो चढवला तर साइटचा माणूस किंवा प्रोग्राम त्यावरचं नाव आणि जन्मतारीख वाचतो. कार्डच बनावट छापलेलं असेल तर ते फोटोवरून कळायला त्याच्याकडे मार्ग नसतो. डिजिलॉकरच्या वाटेनं आलेली माहिती देणाऱ्या खात्याकडूनच येते, मध्ये फेरफार करता येत नाही. शिवाय डिजिलॉकर संमती विचारतो तेव्हा त्या पडद्यावर कुठली कागदपत्रं मागितली आहेत, कशासाठी आणि किती तारखेपर्यंत ते लिहिलेलं असतं. तो पडदा वाचूनच पुढं जावं. आधारखेरीज दुसऱ्या कशावर खूण असेल तर ती काढावी. कार्डाचा फोटोच द्यायचा झाला तर `myaadhaar.uidai.gov.in` वरून मुखवट्याचं आधार उतरवून घ्यावं, ज्यात शेवटचे चारच अंक दिसतात.

आम्ही डिजिलॉकर निवडलं आणि पहिल्याच पायरीवर अडलो. आधारला जोडलेला मोबाइल नंबर भाचीच्या कॉलेजच्या दिवसांतला, केव्हाच बंद झालेला. ओटीपी येणार कुठून? नंबर बदलणं ऑनलाइन होत नव्हतं. १५ तारखेला आधार केंद्रावर जाऊन ₹५० भरले, बोटांचे ठसे दिले, दोन दिवसांनी नवा नंबर लागला. ज्यांना हे करायचंय त्यांनी ही एक गोष्ट आधीच बघून ठेवावी.

१८ तारखेला डिजिलॉकर उघडलं, माहिती गेली, आणि उत्तर आलं: नाव जुळत नाही. कारण खास आपल्याकडचं आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव जुन्या पोर्तुगीज वळणाने `Naique`, आधारवर `Naik`. प्रोफाइल आम्ही शाळेच्या दाखल्याप्रमाणे लिहिलेलं. गोव्यात हे घरोघर आहे. बापाचं स्पेलिंग एक, मुलीचं दुसरं. साइटचा प्रोग्राम अक्षरं जुळवतो, माणसं नाही. प्रोफाइलमधलं नाव आधारप्रमाणे बदलायची विनंती पाठवली, ती मंजूर व्हायला दोन दिवस लागले, आणि २० तारखेला ओळखपत्राची टिक लागली. म्हणून प्रोफाइल लिहितानाच नाव आधारवर आहे तसं, अक्षर न् अक्षर घालावं.

टिक लागल्यावर त्याच संध्याकाळी आम्ही एक गोष्ट मुद्दाम केली. शिक्षणाचा रकाना बदलला: बी.कॉम.चं एम.कॉम. केलं. रकाना काही वेळ 'तपासणी चालू' असा दिसला आणि मग नवी पदवी दिसू लागली. कागद कोणी मागितला नाही, टिक जागची हलली नाही. लगेच परत खरं ते लिहिलं. पण समोरून बघणाऱ्याला नावाशेजारी हिरवी टिक दिसते आणि खाली एम.कॉम. दिसतं, आणि मन आपोआप दोन्ही जोडतं.

म्हणून त्याच रात्री तक्रार अधिकाऱ्याला ईमेल लिहिला. तक्रार म्हणून नव्हे, चार सरळ प्रश्न म्हणून: ओळखपत्राच्या टिकमध्ये नेमकं काय तपासलेलं असतं, वैवाहिक स्थिती कशावरून ठरते, टिक लागल्यानंतर माहिती बदलली तर काय होतं, आणि आमच्या कागदाची प्रत किती दिवस ठेवता. तेव्हाच्या नियमाप्रमाणे तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत द्यायचा होता. पोच दुसऱ्या दिवशी आली, उत्तर ३१ जानेवारीला. ते उत्तर जपून ठेवण्यासारखं आहे. ओळखपत्राच्या टिकमध्ये नाव, जन्मतारीख आणि लिंग एवढंच जुळवलेलं असतं. शिक्षण आणि पगार यांना वेगळ्या खुणा आहेत, सदस्याने आपणहून कागद दिले तरच त्या लागतात. वैवाहिक स्थिती ही सदस्याची स्वतःची घोषणा. 'घटस्फोटित' लिहिणाऱ्याकडे कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रत मागितली जाते. 'अविवाहित' लिहिणाऱ्याकडे काहीच मागितलं जात नाही.

हे शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. जो खरं सांगतो त्याला कागद द्यावा लागतो, आणि जो लपवतो त्याचं काम एका खुणेत होतं. यात साइटची लबाडी नाही. आधारवर वैवाहिक स्थिती नसते, आणि 'लग्न झालेलं नाही' हे दाखवणारा असा कुठला कागद देशभर नाही की जो साइटला मशीनने वाचता येईल. पण घरच्यांना हे माहीत असायला हवं.

मध्यंतरी, २५ तारखेला, तीन महिन्यांची योजना घेतली. ₹३,५०० आणि १८ टक्के जीएसटी ₹६३०, एकूण ₹४,१३०. बिल बघून घेतलं. विकणारी कंपनी महाराष्ट्रातली आणि घेणारे आपण गोव्यातले, तेव्हा बिलात आयजीएसटी १८ टक्के अशी एकच ओळ यायला हवी. सीजीएसटी-एसजीएसटी नऊ-नऊ असे दोन तुकडे दिसले तर विचारावं. आमचं बिल बरोबर होतं आणि त्यावर ११ तारखेला तपासलेलाच क्रमांक होता. योजना आपोआप पुढं चालू राहण्याची खूण पैसे भरण्याच्या पानावर आधीच लावलेली होती, ती काढली.

आता एक प्रसंग, ज्यात ही सगळी पडताळणी कुठं थांबते ते दिसलं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एक स्थळ आलं. मुलगा ३१ वर्षांचा, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, घर बार्देशात. मोबाइल, सेल्फी, ओळखपत्र, तिन्ही टिक. वैवाहिक स्थिती अविवाहित. नाव आणि गाव ओळखीतून विचारून घेतलं, जुळलं. नोकरीची खात्री त्याने कंपनीच्या ईमेलवरून एक ओळ पाठवून करून दिली. ही मागणी वाटते तितकी अवघड नाही, आणि खरं असेल तर कोणी नाही म्हणत नाही.

८ फेब्रुवारीला दोन्ही घरचं फोनवर बोलणं झालं. भाचीच्या आईने विचारलं, "सिव्हिल रजिस्ट्रेशनला कुठं सही झालेली आहे काय, भाऊ? झाली असेल तर कुठल्या तालुक्यात?" पलीकडे थोडी शांतता, मग मुलगा म्हणाला, "काकी, मी दोन दिवसांनी सांगतो."

बाहेरच्या वाचकांसाठी हे समजावून सांगायला हवं. गोव्यात लग्नाची नोंद दोन सह्यांनी होते. दोघं सिव्हिल रजिस्ट्रारपुढे जाऊन लग्नाचा इरादा जाहीर करतात, ही पहिली सही. मध्ये हरकतींसाठी मुदत असते, आणि मग दुसरी सही. दुसरी सही झाली की कायद्याने ते नवरा-बायको. हॉल, भटजी, अक्षता हे सगळं कित्येक महिन्यांनी असलं तरी. आणि वेगळा करार केलेला नसेल तर तेव्हापासून दोघांची मिळकतही सामाईक धरली जाते. मधल्या काळात सोयरीक मोडली तर घरं म्हणतात 'लग्न झालंच नाही', पण नोंदवहीत लग्न झालेलं असतं, आणि ते फक्त कोर्टातून सुटतं.

मुलाने दोन दिवसांनी स्वतः फोन केला. २०२३मध्ये दुसरी सही झाली होती, मुलगी दुसऱ्या तालुक्यातली, नोंद तिच्याच तालुक्यात. सोहळा होण्याआधी फिसकटलं. कोर्टात प्रकरण चालू आहे. "आम्ही एक दिवस एकत्र राहिलो नाही, म्हणून मी अविवाहित लिहिलं," तो म्हणाला. त्याला फसवायचं नव्हतं, हे आम्ही मानतो. त्याच्या घरच्यांनाही ते लग्न वाटत नव्हतं.

तालुका का विचारायचा, तेही यातच आलं. नोंद दोघांपैकी कोणाच्याही तालुक्यात होऊ शकते आणि ती त्या तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार-कम-सब रजिस्ट्रार कार्यालयात असते. म्हापशात, म्हणजे त्याच्या बार्देश तालुक्याच्या ठिकाणी, त्याच्या नावाने शोध घेतला असता तर काहीच मिळालं नसतं आणि आम्ही निश्चिंत झालो असतो. तेव्हा 'लग्न झालंय का' असं विचारू नये. 'सही झाली आहे का, पहिली की दुसरी, कुठल्या तालुक्यात, कुठल्या वर्षी' असं विचारावं. असं नेमकं विचारलं की समोरच्याला 'अविवाहित' या शब्दाच्या आडोशाला राहता येत नाही, आणि प्रामाणिक माणसाला खरं सांगायला जागा मिळते.

त्याला एवढंच सुचवलं की साइटवर 'घटस्फोट प्रलंबित' असाही पर्याय असतो. १४ तारखेला बघितलं तर त्याने रकाना बदलला होता. कोर्टाचा कागद साइटने त्या क्षणी मागितला होता, त्याने चढवला होता, आणि त्या ओळीपुढे 'तपासणी चालू' असं दिसत होतं. वर नावाशेजारची हिरवी टिक जशी होती तशीच होती.

१५ फेब्रुवारीला भाचीने स्वतःच्या प्रोफाइलच्या परिचयात एक ओळ घातली: 'सिव्हिल रजिस्ट्रेशनला कुठेही सही केलेली नाही, आपलीही माहिती पहिल्याच बोलण्यात द्यावी.' साइटने ती ओळ सहा तासांनी मंजूर केली.